उजळणीच्या पाठातील निवडीचा प्रश्न : दहावीच्या बीजगणिताचे एक उदाहरण

माध्यमिक शालान्त परीक्षेच्या आधी गणिताच्या तासाला जे काम चालते त्याला सामान्यतः 'उजळणी' असे म्हणतात. परंतु या एका शब्दाखाली दोन भिन्न कामे एकत्र आलेली आहेत. शिकविलेली रीत पुन्हा करून ती हाताला पक्की बसविणे हे एक काम. आणि समोर आलेल्या उदाहरणाला कोणती रीत लागू पडते याचा निर्णय विद्यार्थ्याने स्वतः करणे हे दुसरे. पहिल्या कामाला वर्षभर वेळ मिळतो. दुसरे काम मात्र पाठ्यपुस्तकाच्या रचनेमुळेच वर्षभर टळत राहते. प्रत्येक सरावसंचाच्या माथ्यावर प्रकरणाचे नाव छापलेले असते. 'वर्गसमीकरणे' या प्रकरणातील शाब्दिक उदाहरण वाचण्यापूर्वीच आपल्याला वर्गसमीकरण मांडावयाचे आहे हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवर असा मथळा नसतो. यास्तव परीक्षेपूर्वीच्या उजळणीच्या पाठाचे नियोजन मुख्यत्वे निवडीच्या या निर्णयासाठी झाले पाहिजे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. विवेचनासाठी गणित भाग १ मधील पहिली तीन प्रकरणे, म्हणजे दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे व अंकगणिती श्रेढी, एवढीच घेतली आहेत.

प्रश्नपत्रिकेची मागणी

महाराष्ट्र राज्य मंडळाचा सध्याचा अभ्यासक्रम दहावीस २०१८-१९ या वर्षी लागू झाला व त्यावरील पहिली परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली. या आराखड्यानुसार गणिताच्या दोन्ही भागांची प्रत्येकी ४० गुणांची व दोन तासांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. म्हणजे एका गुणास तीन मिनिटे पडतात. प्रश्न २ व ३ यांच्या पहिल्या उपविभागांत 'कृती पूर्ण करा' अशा स्वरूपाचे प्रश्न येतात. तेथे उकलीच्या पायऱ्या छापलेल्या असतात व विद्यार्थ्याने केवळ रिकाम्या चौकटी भरावयाच्या असतात. रीत कोणती, हा निर्णय तेथे प्रश्नकर्त्यानेच करून ठेवलेला असतो. परंतु प्रश्न ३ च्या दुसऱ्या उपविभागात तीन गुणांच्या चार उपप्रश्नांपैकी दोन, आणि प्रश्न ४ मध्ये चार गुणांच्या तीन उपप्रश्नांपैकी दोन सोडवावे लागतात. या चौदा गुणांच्या प्रदेशात रीत विद्यार्थ्यालाच शोधावी लागते. इतकेच नव्हे, तर कोणते उपप्रश्न घ्यावेत ही निवडदेखील प्रकार ओळखल्यावाचून करता येत नाही. चार गुणांच्या उपप्रश्नाला सुमारे बारा मिनिटे मिळतात; त्यांतील पाच मिनिटे चुकीच्या समीकरणामागे गेली की तो उपप्रश्न बहुधा हातचा जातो.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. कृतींच्या प्रश्नांवरच भर देऊन घेतलेली उजळणी वर्गात सुरळीत चालते व उत्तरेही बरोबर येतात, पण निवडीची परीक्षा तिच्यात होतच नाही.

पाठापूर्वीची पाहणी

मुंबईच्या उपनगरांतील शाळांत पूर्वपरीक्षा साधारणतः जानेवारीत आटोपते. त्यानंतर मिळणारा अवधी दिसतो त्यापेक्षा कमी असतो. २०२५ साली बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीस व दहावीची २१ फेब्रुवारीस सुरू झाली. ज्या शाळांच्या इमारती बारावीच्या परीक्षेची केंद्रे होतात, तेथे दहावीचे नियमित तास त्याआधीच विस्कळीत होतात. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत तास लांबविण्यासही वाव नसतो. म्हणून एक तास कोणत्या दोषावर खर्चावयाचा हे अंदाजाने न ठरविता पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांवरून ठरवावे लागते.

त्याची रीत सोपी आहे. पूर्वपरीक्षेतील एकच शाब्दिक उदाहरण निवडावे आणि सर्व उत्तरपत्रिकांत त्या एकाच उदाहरणाचे काय झाले ते पाहावे. गुण मोजावयाचे नाहीत. काम कोठे थांबले तेवढेच पाहावयाचे. अंधेरी किंवा मुलुंड येथील एखाद्या शाळेतील ६० विद्यार्थ्यांची तुकडी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावी. त्यांतील १४ जणांनी ते उदाहरण सोडून दिले, १७ जणांनी चुकीचे समीकरण मांडले, ११ जणांनी समीकरण बरोबर मांडले पण उकलीत चूक केली, आणि १८ जणांचे उदाहरण पूर्ण बरोबर आले, असे समजू. येथे ३१ विद्यार्थ्यांचे काम समीकरणापर्यंत पोहोचलेलेच नाही. अशा तुकडीपुढे शिक्षकाने अवयव पाडण्याची रीत फळ्यावर पुन्हा करून दाखविली, तर तिचा लाभ उकलीत चुकलेल्या ११ जणांना होईल. ३१ जणांची अडचण होती तशीच राहील. याउलट, मोजणीत उकलीत चुकणाऱ्यांची संख्या मोठी निघाली तर पुढे वर्णिलेला पाठ त्या तुकडीसाठी नव्हे. ज्याला अवयवच पाडता येत नाहीत त्याला प्रकार ओळखण्याचा सराव देणे म्हणजे पायाआधी भिंत उभारण्यासारखे होय.

उदाहरणांची निवड

निवडीचा सराव घडावयाचा तर उदाहरणांचे बाह्य रूप सारखे व अंतर्गत रचना भिन्न असली पाहिजे. वेगवेगळ्या प्रकरणांतील उदाहरणे नुसती एकत्र केली, तर विद्यार्थी रचनेकडे न पाहता विषयावरून प्रकार ओळखतो : वय आले की रेषीय समीकरणे, वेग आला की वर्गसमीकरण, बचत आली की श्रेढी. हा आडमार्ग बंद करण्यासाठी सर्व उदाहरणे एकाच विषयावर बेतावीत. खुर्च्यांच्या रांगांवरील पुढील पाच उदाहरणे याच हेतूने रचली आहेत.

(१) एका सभागृहात पहिल्या रांगेत १२ खुर्च्या असून पुढील प्रत्येक रांगेत आधीच्या रांगेपेक्षा २ खुर्च्या अधिक आहेत. ४० खुर्च्या असलेली रांग कितवी?

(२) याच रीतीने मांडलेल्या सभागृहात एकूण ३९० खुर्च्या असतील, तर रांगा किती?

(३) एका सभागृहात ३६० खुर्च्या असून प्रत्येक रांगेत सारख्याच खुर्च्या आहेत. एका रांगेतील खुर्च्यांची संख्या रांगांच्या संख्येपेक्षा २ ने अधिक आहे. रांगा किती?

(४) एका सभागृहात ३६० खुर्च्या सारख्या रांगांत मांडल्या आहेत. प्रत्येक रांगेत २ खुर्च्या कमी ठेवल्या तर त्याच खुर्च्यांसाठी २ रांगा अधिक लागतात. मूळच्या रांगा किती?

(५) ३६० खुर्च्यांच्या नाट्यगृहात पुढील खुर्चीचे तिकीट १५० रुपये व मागील खुर्चीचे १०० रुपये आहे. सर्व तिकिटे विकली जाऊन ४२,००० रुपये जमले. दोन्ही प्रकारच्या खुर्च्या किती?

पहिल्या दोहोंत माहिती तीच आहे. भेद केवळ विचारण्यात आहे. पहिल्यात एका पदाविषयी प्रश्न आहे, म्हणून 12 + (n − 1) × 2 = 40 असे समीकरण येते व n = 15 मिळते. दुसऱ्यात पदांच्या बेरजेविषयी प्रश्न आहे; सूत्रात किमती घातल्यावर n(n + 11) = 390, म्हणजेच n² + 11n − 390 = 0 असे वर्गसमीकरण तयार होते व त्याच्या उकली 15 आणि −26 येतात. रांगांची संख्या ऋण असू शकत नाही म्हणून −26 सोडावयाचे, हे कारण विद्यार्थ्याने शब्दांत लिहिणे आवश्यक आहे. दोन्ही उत्तरे मुद्दाम एकच ठेवली आहेत, कारण त्यामुळे पडताळा घेता येतो : पहिल्या व पंधराव्या रांगेतील खुर्च्यांची सरासरी २६, आणि २६ गुणिले १५ म्हणजे ३९०.

तिसरे व चौथे उदाहरण याच्या उलट आहे. तेथे विधाने भिन्न पण समीकरण एकच. तिसऱ्यात x(x + 2) = 360 हे सरळच दिसते. चौथ्यात (x + 2)(360/x − 2) = 360 असे मांडावे लागते; परंतु ते सोपे केल्यावर पुन्हा x² + 2x − 360 = 0 हेच हाती येते आणि रांगा १८ ठरतात. पाचव्यात दोन अज्ञात राशी व दोन स्वतंत्र अटी आहेत : x + y = 360 आणि 150x + 100y = 42000. त्यांवरून पुढील खुर्च्या १२० व मागील २४० येतात.

'एकूण' हा शब्द दुसऱ्या व पाचव्या उदाहरणाच्या मुळाशी सारखाच आहे, 'रांग' चार उदाहरणांत आहे आणि '२ ने अधिक' ही कल्पना पहिल्या चारही उदाहरणांत कोणत्या ना कोणत्या रूपाने येते. म्हणून एखादा खुणेचा शब्द शोधून रीत ठरविण्याची सवय या संचात निरुपयोगी ठरते. प्रश्न तीनच विचारावे लागतात : अज्ञात राशी किती? त्यांना जोडणाऱ्या अटी कोणत्या? दोन अज्ञात राशींचा गुणाकार होतो, की ठरावीक फरकाने वाढणारी मालिका आहे, की नुसत्या बेरजा आहेत?

पस्तीस मिनिटांची विभागणी

ही पाच उदाहरणे फळ्यावरून उतरवून घेण्यातच आठ-दहा मिनिटे जातात. म्हणून ती छापून प्रत्येक बाकास एक याप्रमाणे द्यावीत. छापताना प्रकरणांचा क्रम पाळू नये. वर दिलेला क्रमही केवळ विवेचनाच्या सोयीचा आहे.

पहिली तीन मिनिटे कामाचे स्वरूप सांगण्यास पुरतात : या टप्प्यात काहीही सोडवावयाचे नाही, प्रत्येक उदाहरणापुढे अज्ञात राशी व अटी लिहून प्रकार ठरवावयाचा. पुढील दहा मिनिटे विद्यार्थी एकट्याने लिहितात. या दहा मिनिटांत शिक्षकाने साहाय्य न करणे हे पाठाचे सर्वांत अवघड अंग आहे. 'अरे, ही तर श्रेढी' एवढे चार शब्द एखाद्या बाकापाशी उच्चारले गेले, तरी आसपासच्या दहा जणांचा निर्णय शिक्षकाने घेतल्यासारखे होते.

त्यानंतरची आठ मिनिटे निर्णयांच्या चर्चेसाठी ठेवावीत. हात वर करावयास सांगितले तर नेहमीचे आठ-दहा विद्यार्थीच उत्तर देतात व उरलेल्यांचे मत कळत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने एकाच वेळी बोटे दाखवावीत : रेषीय समीकरणांसाठी एक, वर्गसमीकरणासाठी दोन, श्रेढीसाठी तीन, पाठ्यपुस्तकातील प्रकरणांचे क्रमांकही हेच असल्यामुळे खूण लक्षात ठेवण्यास त्रास पडत नाही. साठ हातांवरून मतभेद कोठे आहे ते एका दृष्टिक्षेपात कळते. दुसऱ्या उदाहरणाला काही जण दोन व काही जण तीन बोटे दाखवतील. दोघांचेही म्हणणे खरे आहे, कारण मांडणी श्रेढीची व उकल वर्गसमीकरणाची आहे. जेथे सर्वांची बोटे सारखी येतील तेथे चर्चा करू नये. वेळ मतभेदालाच द्यावा, आणि तोही 'का?' या प्रश्नाला.

पुढील दहा मिनिटांत एकच उदाहरण, शक्यतो चौथे, परीक्षेत लिहावे तसे पूर्ण लिहावयास सांगावे : चल मानण्याचे वाक्य, अट, समीकरण, उकल, अग्राह्य मूळ सोडण्याचे कारण व शेवटचे विधान. उरलेल्या चार मिनिटांत प्रत्येकाने एका चिठ्ठीवर दोन नव्या उदाहरणांचा केवळ प्रकार व समीकरण लिहून द्यावे. ही उदाहरणे वेगळ्या विषयावरची असावीत. उदाहरणार्थ, 'एक आगगाडी १८० किलोमीटर अंतर एकसमान वेगाने जाते. वेग ताशी ५ किलोमीटर अधिक असता तर अर्धा तास कमी लागला असता. तर वेग किती?' आणि 'पहिल्या महिन्यात १०० रुपये व पुढे दर महिन्यास २० रुपये अधिक ठेवले, तर ३०० रुपये कितव्या महिन्यात ठेवले जातील?' पहिल्यात x² + 5x = 1800 येऊन वेग ताशी ४० किलोमीटर ठरतो; दुसऱ्यात श्रेढीचे अकरावे पद मिळते. खुर्च्यांच्या बाबतीत नीट ओळखणारा विद्यार्थी येथे अडखळला, तर त्याने रचना पाहिली नसून संच पाठ केला, असे समजावे.

भाषेचा अडसर

उपनगरांतील अनेक मराठी शाळांत गणित व विज्ञान हे विषय इंग्रजीतून शिकविण्याची, म्हणजे सेमी-इंग्रजीची, सोय आहे. अशा तुकडीत प्रकार ओळखण्यातील चूक व वाचनातील चूक या वेगळ्या कराव्या लागतात. मराठीत 'रांगांच्या संख्येपेक्षा २ ने अधिक' असे म्हणताना ज्याच्याशी तुलना करावयाची ती राशी आधी येते व वाढ नंतर. इंग्रजीत 'टू मोअर दॅन' असे म्हणताना वाढ आधी येते. घाईत वाचणारा विद्यार्थी वाढ चुकीच्या राशीला जोडतो, आणि मग x(x + 2) = 360 मधील x या अक्षराने रांगा मानावयाच्या की खुर्च्या, याचा घोळ होतो. समीकरण बरोबर दिसते, मूळही १८ येते. परंतु रांगा विचारल्या असता २० असे उत्तर लिहिले जाते. ही चूक बीजगणिताची नव्हे. तिची ओळख अशी की, विद्यार्थ्याला तेच विधान स्वतःच्या शब्दांत मराठीतून सांगावयास लावले की बहुधा तो स्वतःच अडखळतो व सुधारतो. म्हणून सेमी-इंग्रजी तुकडीत उदाहरणे प्रश्नपत्रिकेच्या भाषेतच द्यावीत, मात्र अट मराठीतून बोलून मगच लिहावयास सांगावी. समीकरणापूर्वी 'x = रांगांची संख्या' ही एक ओळ सक्तीची केल्यास हा दोष पुष्कळसा उघड्यावर येतो.

पुरावा व त्याची मर्यादा

मिश्र सरावाविषयी प्रायोगिक पुरावा उपलब्ध आहे. रोहरर व टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढण्यास शिकविले. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणे सलग सोडविली, तर दुसऱ्याने सर्व आकृतींची मिसळून. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के व दुसऱ्याची ६० टक्के उत्तरे बरोबर आली. परंतु एका आठवड्यानंतरच्या चाचणीत हेच प्रमाण अनुक्रमे २० व ६३ टक्के झाले. रोहरर व त्यांचे सहकारी यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शालेय प्रयोगात सातवीचे ५४ वर्ग होते. पूर्वसूचना न देता घेतलेल्या चाचणीत मिश्र सराव केलेल्या वर्गांना सरासरी ६१ टक्के व सलग सराव केलेल्यांना ३८ टक्के गुण मिळाले.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, वर्गात सराव किती सुरळीत झाला यावरून पाठाचे मूल्य ठरविणे फसवे आहे. मिश्र सरावात चुका अधिक दिसतात, विद्यार्थी कुरकुरतात, आणि परीक्षा तोंडावर आली असताना शिक्षकालाही आपण मुलांचा आत्मविश्वास घालवीत आहोत असे वाटू लागते. ही अडखळण निर्णयाच्या कामाचीच असते हे विद्यार्थ्यांना आधी सांगून ठेवावे. दुसरी गोष्ट मर्यादेची. शालेय प्रयोगातील मिश्र सराव काही महिने चालला होता, आणि उदाहरणे मिसळली की एकाच प्रकारची उदाहरणे आपोआप दिवसांच्या अंतराने विखुरली जातात. त्यामुळे लाभातील काही वाटा मिसळण्याचा नसून अंतराचा असतो. फेब्रुवारीतील एका तासापासून तेवढ्या फरकाची अपेक्षा धरता येणार नाही. एका तासाचे काम निदान करण्याचे व सवय लावण्याचे आहे.

म्हणून हा पाठ एकटा ठेवू नये. चिठ्ठ्या त्याच दिवशी पाहून त्यांचे तीन गठ्ठे करावेत : प्रकार चुकलेले, प्रकार बरोबर पण समीकरण चुकलेले, आणि दोन्ही बरोबर. पहिला गठ्ठा वर्गाच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा असेल, तर चार-पाच दिवसांनी नव्या विषयावरील संच घेऊन तोच पाठ पुन्हा घ्यावा. लहान असेल, तर तीच पद्धत गणित भाग २ कडे न्यावी. तेथेही अडचण याच जातीची आहे. आकृतीत काटकोन त्रिकोण दिसला की बहुतेक विद्यार्थी पायथागोरसचे प्रमेय लावू लागतात. परंतु दोन बाजू दिल्या असता पायथागोरस, एक बाजू व एक कोन दिला असता त्रिकोणमिती, आणि कर्णावर लंब टाकला असता समरूपता उपयोगी पडते. एकच त्रिकोण काढून त्यावर दिलेली माहिती बदलत नेली की पाच आकृत्यांचा तसाच संच तयार होतो, आणि बोटांऐवजी वहीत प्रमेयाचे नाव लिहावयास सांगितले की पाठाची विभागणी वरीलप्रमाणेच राहते.